‘करून पाहायला काय हरकत आहे?’ : हरकत आहे!

हवा बदलली आणि घराघरांत शिंका ऐकू येऊ लागल्या की औषधांच्या दुकानांतील एका तपकिरी बाटलीचा खप वाढतो. पोव्हिडोन-आयोडीनच्या गुळण्यांची ही बाटली घरात असली म्हणजे सर्दी जवळ फिरकणार नाही, फिरकलीच तर लवकर काढता पाय घेईल, अशी अनेक सुशिक्षित कुटुंबांची समजूत आहे. समजुतीला आधार म्हणून एक आकडा पुढे केला जातो: ‘पंधरा सेकंदांत ९९ टक्क्यांहून अधिक विषाणू नष्ट’. एवढ्यावरही कोणी शंका काढलीच, तर शेवटचे वाक्य ठरलेले असते: ‘करून पाहायला काय हरकत आहे? अपाय तर काही नाही ना!’

या दोन्ही वाक्यांना माझा आक्षेप आहे. पहिल्या वाक्यातील आकडा खरा आहे, परंतु तो घशाविषयी नाही. दुसरे वाक्य तर चुकीचेच आहे.

आधी आकड्याकडे पाहू. पोव्हिडोन-आयोडीन हे प्रभावी जंतुनाशक आहे, यात वाद नाही. त्यातून सुटणारे मुक्त आयोडीन प्रथिनांचे आणि मेदद्रव्यांचे ऑक्सिडीकरण करते आणि विषाणूची बांधणीच मोडून टाकते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ०.२३ टक्के तीव्रतेच्या द्रावणाने सार्स, मर्स आणि इन्फ्लुएंझाचे ९९ टक्क्यांहून अधिक विषाणू १५ सेकंदांत निष्क्रिय केले. मात्र अशी चाचणी कशी घेतात, हे बातमीत सहसा येत नाही. एका परीक्षानळीत विषाणूंचा थोडासा द्रव घेतात, त्यात त्याच्या कित्येक पट जंतुनाशक मिसळतात, ठरलेला वेळ संपताच दुसरे रसायन घालून जंतुनाशकाची क्रिया थांबवतात आणि जिवंत पेशींवर विषाणू वाढतो का ते पाहतात. नळीत विषाणूला लपायला जागा नसते. त्याला वेढून बसलेली पेशी नसते, वाहणारी लाळ नसते, नवे विषाणू तयार करणारा कारखानाही नसतो. जंतुनाशकांची आपसांत तुलना करायला ही चाचणी उत्तम आहे. परंतु ‘नळीत मारते’ या विधानातून ‘घशात वाचवते’ हे विधान आपोआप निघत नाही. मधली पायरी वेगळी सिद्ध करावी लागते, आणि सगळा घोटाळा त्याच पायरीवर होतो.

ती पायरी इतकी निसरडी का, हे समजण्यासाठी आधी सर्दी नेमकी कुठे होते ते पाहिले पाहिजे. सर्दीला सर्वाधिक वेळा कारणीभूत ठरणारा राइनोव्हायरस नाकाच्या आणि नाकामागच्या पोकळीच्या अस्तरात वाढतो. त्याची शरीरात शिरण्याची मुख्य दारे म्हणजे नाक आणि डोळे. दूषित हात नाकाला किंवा डोळ्याला लागला की काम झाले. तोंडावाटे हा विषाणू फारच क्वचित शिरकाव करतो. आता गुळणी करताना काय घडते ते आठवा. मान मागे टाकून आपण द्रव घशाशी धरतो आणि त्याच वेळी मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाकडची वाट बंद करतो. तसे झाले नाही तर पाणी नाकातून बाहेर येईल. म्हणजे गुळणी नीट व्हावी यासाठी शरीर जी वाट बंद करते, तिच्याच पलीकडे सर्दीचे मुख्य ठाणे असते. द्रव पोहोचतो तो पडजिभेच्या आसपास, टॉन्सिलच्या कडांपर्यंत आणि फार तर घशाच्या मागच्या भिंतीच्या काही भागापर्यंत.

दुसरा अडथळा वेळेचा आहे. कोणत्याही क्षणी तोंडात साधारण एक मिलिलिटर लाळ असते आणि जागेपणी मिनिटाला सुमारे ०.३ ते ०.५ मिलिलिटर नवी लाळ येत राहते. एक मिलिलिटरला या वेगाने भागले, तर तोंडातील लाळ दोन-तीन मिनिटांत बदलते, असा अंदाज निघतो. गुळणीने लाळेतील सगळे विषाणू मेले असे क्षणभर धरू. तरी ज्या पेशींना लागण झाली आहे त्या आपले काम चालूच ठेवतात, कारण आयोडीन त्यांच्या आत पोहोचत नाही. पोहोचलेच, तर पेशीही मरेल. थोड्याच वेळात लाळेत नवे विषाणू उतरू लागतात. दिवसातून चार वेळा, प्रत्येकी अर्धा मिनिट गुळणी केली, तर दिवसाच्या १४४० मिनिटांपैकी २ मिनिटे आपण लढलो. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्याचाच हा प्रकार आहे. फरशी पुसली जाते हे खरे, परंतु नळाचे काय?

अर्थात, शरीररचनेवरून आणि अंदाजी गणितावरून केलेला तर्क कितीही सुबक असला तरी तोही शेवटी तर्कच. निकाल देतो प्रयोग, आणि सुदैवाने तो झालेला आहे. जपानमध्ये गुळण्या करणे ही शाळेपासून लावली जाणारी सवय आहे. म्हणून क्योतो विद्यापीठातील संशोधकांनी २००२-०३ च्या हिवाळ्यात देशातील १८ ठिकाणच्या ३८७ निरोगी प्रौढांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागले. एका गटाने दिवसातून किमान तीन वेळा साध्या पाण्याने गुळण्या केल्या, दुसऱ्याने पातळ केलेल्या पोव्हिडोन-आयोडीनने, आणि तिसऱ्याने आपला नेहमीचा क्रम चालू ठेवला. साठ दिवस नोंदी घेतल्या गेल्या आणि निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभर माणसांमागे महिन्याला सर्दीची किती प्रकरणे, या हिशेबात मांडले तर नेहमीचा क्रम ठेवणाऱ्यांत २६, साध्या पाण्याच्या गटात १७ आणि आयोडीनच्या गटात २४.

हे आकडे शांतपणे वाचावेत. आयोडीनचा गट आणि काहीच विशेष न करणारा गट यांतील फरक इतका लहान आहे, की तो निव्वळ योगायोगानेही सहज पडू शकतो. फायदा दिसला तो साध्या पाण्याच्या गटात. इथे पाण्याच्या बाजूनेही फार उड्या मारू नयेत. पाण्याच्या फायद्याची सांख्यिकीय विश्वासमर्यादा ‘फरक नाही’ या रेषेला जेमतेम चुकवते. शिवाय कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात ६०० विद्यार्थ्यांवर नंतर झालेल्या चाचणीत साध्या पाण्याच्या गुळण्यांनी सर्दी टळते असे निर्विवादपणे दाखवता आले नाही. आयोडीन पाण्यापेक्षा वाईट आहे, असाही दावा या आकड्यांवरून करता येत नाही. तेवढी त्या प्रयोगाची ताकद नाही. परंतु एक गोष्ट निश्चित म्हणता येते. सर्दी टाळण्याच्या बाबतीत आयोडीन पाण्याहून सरस असते, तर ते दिसायची संधी इथे होती, आणि ते दिसले नाही. परीक्षानळीतील ९९ टक्क्यांचे माणसांत आल्यावर हे झाले. जपानी संशोधकांनी त्यावर एक शक्यता मांडली: आयोडीन घशातील निरुपद्रवी, किंबहुना उपकारक, जिवाणूंची वस्ती विस्कटत असावे आणि धुण्याने झालेला फायदा त्यामुळे पुसला जात असावा. ती शक्यता आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. परंतु ‘जंतुनाशक’ या शब्दात मित्रजंतूंचाही नाश येतो, याची आठवण ती करून देते.

मग सर्दी झाल्यावर तरी ती लवकर बरी होते का? इथे दिशाभूल कशी होते, याचे जगजाहीर उदाहरण ओसाकाचे आहे. ४ ऑगस्ट २०२० रोजी ओसाका प्रांताचे राज्यपाल हिरोफुमी योशिमुरा यांनी पत्रकार परिषदेत पोव्हिडोन-आयोडीनच्या बाटल्या समोर मांडल्या आणि कोविडच्या ४१ सौम्य रुग्णांवरील अभ्यासाची माहिती दिली. दिवसातून चार वेळा गुळण्या करणाऱ्यांपैकी चौथ्या दिवशी सुमारे ९ टक्क्यांची लाळ चाचणीत बाधित ठरली. गुळण्या न करणाऱ्यांत हे प्रमाण ४० टक्के होते. काही तासांत दुकानांतील बाटल्या संपल्या, उत्पादकांच्या समभागांचे भाव चढले आणि दुसऱ्या दिवशी राज्यपालांना खुलासा करावा लागला, की आपण याला प्रतिबंधक किंवा रोग बरा करणारे औषध म्हटलेले नाही.

या अभ्यासात रुग्ण कमी होते हा दोष आहेच. परंतु मूळ दोष त्याहून खोल आहे. तोंड जंतुनाशकाने धुवायचे आणि नंतर तोंडातलीच लाळ तपासून ‘विषाणू कमी झाला’ असे म्हणायचे! ताप येणाऱ्याच्या काखेत बर्फ ठेवून त्याच काखेत तापमापी लावली, तर पारा उतरेलच. रुग्ण बरा झाला का, हा प्रश्न तसाच राहतो. ताप किती दिवस टिकला, खोकला कधी थांबला, घरातील इतर किती जणांना लागण झाली, ही मोजमापे हवीत. सप्टेंबर २०२० मध्ये कोक्रेनच्या समीक्षकांनी कोविडच्या रुग्णांवरील जंतुनाशक गुळण्या आणि नाकातील फवारे यांच्या पूर्ण झालेल्या चाचण्या शोधल्या, तेव्हा त्यांना एकही सापडली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील माउथवॉशचा अभ्यास आपल्याकडच्या वृत्तमाध्यमांतही झळकला. ‘३० सेकंदांत’ हे शब्द मथळ्यात होते. ‘प्रयोगशाळेत’ हा शब्द अनेकदा मजकुरात खाली शोधावा लागत होता.

माझ्या मताच्या विरोधातील सर्वांत भक्कम पुरावाही मांडायला हवा. २०२० मध्ये सिंगापूरमधील स्थलांतरित कामगारांच्या एका मोठ्या वसतिगृहात तीन हजारांहून अधिक जणांवर चाचणी झाली. एका गटाला दिवसातून तीन वेळा घशात पोव्हिडोन-आयोडीनचा फवारा दिला गेला, आणि तुलनेच्या गटाला क जीवनसत्त्व. सहा आठवड्यांत क जीवनसत्त्वाच्या गटातील ७० टक्के कामगारांना कोविडची लागण झाली, तर फवाऱ्याच्या गटात ४६ टक्क्यांना. फरक मोठा आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. परंतु त्याच चाचणीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गटातही लागण ४९ टक्केच झाली, म्हणजे जवळपास तेवढाच ‘फायदा’. हे औषध संसर्ग टाळत नाही, असे इतरत्र झालेल्या काटेकोर चाचण्यांत दिसून आले आहे. एकाच तराजूत एक खोटे नाणे खऱ्याइतके भरत असेल, तर आधी तराजू तपासावा लागतो. कोणाला काय मिळते आहे हे सर्वांना ठाऊक होते, आणि माणसांची विभागणी एकेकट्याने न करता मजल्यागणिक गटाने झाली होती. अशा रचनेत असे भास होऊ शकतात. शिवाय या चाचणीत औषधाची मात्रा दिवसाला अवघी २७० मायक्रोग्रॅम होती. आपल्याकडच्या बाटलीतून जे तोंडात जाते त्याच्याशी तिची तुलनाच होत नाही. म्हणून हा पुरावा मान्य केला, तरी तो आपल्या गुळण्यांना लागू पडत नाही.

मात्रेचा विषय निघालाच आहे, तर ‘अपाय तर काही नाही ना’ या वाक्याचा हिशेब करू. आपल्याकडे गुळण्यांसाठी मिळणारे द्रावण साधारणतः २ टक्के पोव्हिडोन-आयोडीनचे असते. या संयुगात उपलब्ध आयोडीन सुमारे एक दशांश. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम आयोडीन, आणि १० मिलिलिटरच्या एका गुळणीत २० मिलिग्रॅम. प्रौढ माणसाची आयोडीनची रोजची गरज आहे १५० मायक्रोग्रॅम. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकापर्यंत पोहोचताना दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, असे आपल्या देशाचे मानक आहे. त्या हिशेबाने एका न पातळ केलेल्या गुळणीत जेवढे आयोडीन असते, तेवढे मिळवायला सव्वा किलोहून अधिक मीठ लागेल.

‘पण आपण ते थुंकून टाकतो!’ हो, बहुतेक टाकतो. थुंकल्यानंतर तोंडात फक्त अर्धा मिलिलिटर उरले आणि पोटात गेले असे धरू. अर्ध्या मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम, म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. दिवसातून चार गुळण्या केल्या तर ४००० मायक्रोग्रॅम. निम्मे पाणी घालून केल्या तरी २०००. अमेरिकेतील पोषणतज्ज्ञांनी प्रौढांसाठी रोजच्या सेवनाची वरची मर्यादा ११०० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. युरोपात ती ६०० आहे. तोंडाच्या अस्तरातून थेट शोषले जाणारे आयोडीन या हिशेबात धरलेलेच नाही. हा केवळ कागदी अंदाजही नव्हे. जपानी डॉक्टरांनी २००७ मध्ये एक प्रकरण प्रसिद्ध केले. दीर्घकाळ सवयीने पोव्हिडोन-आयोडीनच्या गुळण्या करणाऱ्या एका रुग्णाला थायरॉइडचे काम मंदावण्याचा उघड विकार झाला होता. निरोगी माणसांना गुळण्या करायला लावून त्यांनी लघवीतील आयोडीनही मोजले, आणि ते वाढलेले आढळले.

असे का होते? एकाएकी फार आयोडीन आले की थायरॉइड ग्रंथी स्वसंरक्षणासाठी संप्रेरकाची निर्मिती आवरते. निरोगी माणसात काही दिवसांत ती या अवस्थेतून बाहेर पडून पूर्ववत काम करू लागते. परंतु ज्यांच्या ग्रंथीला आधीच हाशिमोटोसारख्या विकाराने इजा झालेली असते, त्यांना हे जमत नाही आणि संप्रेरकाची पातळी घसरत जाते. उलट, गाठी असलेल्या ग्रंथीत जादा आयोडीनमुळे संप्रेरक बेसुमार तयार होऊ शकते. गर्भातील आणि अंगावर पिणाऱ्या बाळाची ग्रंथी तर आईच्या शरीरातील आयोडीनच्या माऱ्याला फारच संवेदनशील असते. आपल्याला थायरॉइडचा विकार आहे हे अनेकांना ठाऊकच नसते. सतत थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, कोरडी पडलेली त्वचा, ही लक्षणे ‘सर्दीनंतरचा अशक्तपणा’ म्हणून सहज खपून जातात. अशा वेळी डॉक्टरांना गुळण्यांची सवय आवर्जून सांगावी आणि टीएसएच तपासून घ्यावे. कारण गुळण्याच असतील, तर त्या थांबवल्यावर ग्रंथी बहुधा काही आठवड्यांत सावरते.

घशाचे म्हणाल, तर आयोडीनला विषाणू आणि आपली पेशी यांतला भेद कळत नाही. काही जणांना वारंवार वापराने जळजळ होते, घसा कोरडा पडतो, तोंडाची चव जाते. मग त्यालाच ‘घसा अजून बसलेलाच आहे’ समजून गुळण्या वाढवल्या जातात आणि दुखण्याला उपायच खतपाणी घालतो. पाच-सहा दिवस झाले, नाक मोकळे झाले, ताप नाही, तरी फक्त घशाची आग उरली असेल, तर गुळणी दोन दिवस थांबवून पाहावी. आग ओसरली, तर कारण कळले.

याचा अर्थ ही बाटली फेकून द्यावी असा नाही. दातांच्या शस्त्रक्रियेच्या आधी-नंतर किंवा तोंडातील विशिष्ट संसर्गात, डॉक्टरांनी सांगितलेल्या मोजक्या दिवसांसाठी तिला निश्चित जागा आहे. ब्रिटनमध्ये या गुळण्यांच्या माहितीपत्रकातच १४ दिवसांची मर्यादा असते, सहा वर्षांखालील मुलांना त्या देऊ नयेत असे बजावलेले असते, आणि थायरॉइडच्या रुग्णांना सावध केलेले असते. घसा दुखत असताना कोमट मिठाच्या पाण्याने बरे वाटते, तेही जरूर करावे. बरे वाटणे हा खरा फायदा आहे. त्याला प्रतिबंधाचे नाव देण्याची गरज नाही.

माझा रोख आहे तो औषध आणि दिलासा यांमधली रेषा पुसणाऱ्यांवर. ‘९९ टक्के’ हा आकडा जो छापतो, त्याने त्याच्याशेजारी तेवढ्याच ठळक अक्षरांत ‘परीक्षानळीत’ हा शब्द छापावा. किती दिवस वापरावे आणि कोणी वापरू नये, हे बाटलीवर ग्राहकाच्या भाषेत, भिंगाशिवाय वाचता येईल असे लिहावे. विज्ञानाची बातमी लिहिणाऱ्याने मथळा देण्याआधी एकच प्रश्न विचारावा: मोजले काय, आणि कुठे? नळीतला विषाणू, लाळेतला विषाणू, आणि माणसाला झालेली सर्दी, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा आकडा तिसरीच्या नावावर खपवणे ही फसवणूकच आहे, मग ती जाहिरातदाराने केलेली असो वा बातमीदाराने.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगेन. घरात कोणी सर्दी टाळण्यासाठी रोज सकाळी या गुळण्या करत असेल, तर वाद घालत बसू नका. बाटली हातात घ्या, टक्केवारी वाचा आणि वरचा गुणाकार त्यांच्यासमोर कागदावर करून दाखवा. सव्वा किलो मिठाचा आकडा आपले काम करील.